कर्जाचं बारसं

सागरवेल नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सुचिता कवळेला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत जडलेली एक खोड तिने कुणालाच सांगितली नव्हती. गृहकर्जाचं प्रकरण टेबलावर आलं की ती आधी नकाशा उघडायची आणि त्या घरात शिरायची. नऊ बाय अकराची खोली, पूर्वेला खिडकी, मागे मोरी. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघायची. कागदावर बाहेर काहीच नसायचं, म्हणून ती स्वतःच काहीबाही लावायची. कुणाकडे शेवगा, कुणाकडे जास्वंद. मग शेजारच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि ती अलिबागच्या मुख्य कार्यालयात, पंख्याखाली, परत यायची.

तिचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. महाड, रोहा, पेण अशी डेपोगणिक बिऱ्हाडं बदलत तिचं लहानपण गेलं होतं. आई भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू द्यायची नाही. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला टांगलेलं असायचं. आताही अलिबागला लागून असलेल्या चेंढऱ्यात मायलेकी भाड्यानेच राहत होत्या. दुसऱ्यांच्या घरांत दिवसभर फिरून आल्यावर स्वतःच्या घराची सुचिताला घाई वाटत नसे, किंवा तसं ती म्हणत असे.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी हर्षद सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हर्षद सर बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. बोलताना चष्मा काढून हातात धरायची त्यांना सवय.

"सुचिता, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी आपण वेगळं कर्ज आणतोय, हे माहीत आहे तुला."

माहीत होतं. त्याची टिपणं तिनेच मराठीत केली होती. शाखांमधून एकच तक्रार यायची. लोक येतात, गृहकर्जाची चौकशी करतात, मान डोलावतात आणि परत येत नाहीत. ते का येत नाहीत याचा विचार करून तीन गोष्टी ठरल्या होत्या. घर पक्कं करायच्या आधीच, उत्पन्न बघून, अंदाजे किती कर्ज बसेल ते बँक लेखी सांगणार. व्याज, शुल्क, वकिलाची फी, मूल्यांकनाचा खर्च, सगळं एका पानावर पहिल्याच दिवशी मिळणार. आणि अर्जापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत एकच अधिकारी त्या माणसाबरोबर राहणार.

"वस्तू चांगली आहे," सर म्हणाले, "पण नाव नाही. मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी ही पाठवलीत." त्यांनी कागद पुढे सरकवला. फर्स्ट नेस्ट. होम इझी. स्वप्नझेप.

"झेप?" सुचिता म्हणाली.

"तेच ना! माणूस आधीच घाबरलेला, त्यात त्याला झेप घ्यायला सांगायचं. मला असं नाव हवंय की ऐकून त्याला धीर यावा, आणि हे नक्की काय आहे तेही कळावं. तू मराठीत लिहितेस. तीन आठवड्यांनी संचालक मंडळाची सभा आहे. बघ काही सुचतं का."

त्या दिवसापासून सुचिताच्या डोक्यात शब्द तरंगायला लागले. भाजी निवडताना, आंघोळीचं पाणी काढताना, आईच्या गोळ्या मोजताना. निवारा. आसरा. ओसरी. माजघर. प्रत्येक शब्द ती दार ढकलावं तसा ढकलून बघायची. काही शब्दांच्या आत अंधार होता. आसरा हा बिचाऱ्यांना देतात. निवाऱ्यात पुराच्या वेळी लोकांना ठेवतात.

रविवारी ती आक्षीच्या किनाऱ्यावर गेली. सुरूच्या बनात चादर टाकून पडली. ओहोटी लागलेली, समुद्र इतका दूर गेलेला की त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. सुरूच्या सुया अंगावर गळत होत्या. तिचा डोळा लागला, आणि त्या अर्धवट झोपेत तिला एक घर दिसलं. रिकामं, दुपारचं. फरशी गार. दारं उघडी, आणि कुणीही तिला ऊठ म्हणत नव्हतं. जाग आली तेव्हा शब्द ओठांवर होता. निवांत.

सोमवारी तिने तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. निवांत गृहकर्ज. सरांनी चष्मा काढला. "वा," ते म्हणाले. मग तो कागद खालच्या मजल्यापर्यंत फिरला. रोखपाल म्हणाला, ऐकूनच झोप येते. ते कौतुकच होतं. सुचिताला दिवसभर जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखं वाटत होतं.

फक्त विपुल तो कागद बघून थेट संगणकाकडे वळला. विपुल हा बँकेचा अनुपालन अधिकारी. बँकेने केलेली प्रत्येक गोष्ट नियमांत बसते की नाही हे बघणं त्याचं काम. संध्याकाळी तो तिच्या टेबलापाशी आला.

"ट्रेडमार्कची नोंदणी बघितली. बँका आणि वित्तसेवा छत्तिसाव्या वर्गात येतात. त्यात हे नाव कुणाचं दिसत नाही."

"मग?"

"नोंदणीचा प्रश्न नाही. नाव एक वचन देतंय, ते आपल्याच्याने पुरं होईल का, हा माझा प्रश्न आहे. व्याजदर बदलता आहे. उद्या वाढला, हप्ते लांबले, तर निवांत म्हणून घेतलेलं कर्ज घेऊन माणूस माझ्यासमोर उभा राहील."

"विपुल, तो नुसता एक शब्द आहे."

"लोकांना विचार ना मग. कार्डावर फक्त नाव लिही, 'गृहकर्ज' लिहू नकोस. बघ त्यांना काय वाटतं. हे काय असेल, कुणासाठी असेल, आणि पुढे विचारावंसं वाटतं का. एवढंच विचार. समजावून सांगू नकोस."

सुचिता जराशी रागानेच थळच्या शाखेत गेली. बाजाराचा दिवस होता. शाखेच्या बाकावर बायका टोपल्या पायाशी ठेवून बसलेल्या, आणि खिडकीतून वाळत घातलेल्या मासळीचा खारट वास येत होता. लांबवर पाण्यात खांदेरीचं बेट धुक्यात अर्धं बुडालं होतं.

कार्ड बघून पहिला माणूस म्हणाला, "हे नागावला नवीन सुरू झालंय ना? स्विमिंग पूल आहे म्हणे."

दुसऱ्याला ते वृद्धाश्रम वाटलं. तिसरी बाई म्हणाली, ही ठेव असणार, म्हातारपणाची. चौथ्याने कार्ड उलटंपालटं करून विचारलं, "इथे खोलीचं भाडं किती?"

सुचिता हसली, पण तिला आतून काहीतरी ओसरल्यासारखं झालं. पाचवी होती शकू. सुकी मासळी घाऊक विकणारी, साठीला आलेली, हातात हिरव्या बांगड्या, शाखेतल्या सगळ्यांना ओळखणारी. तिची मुलगी प्राप्ती अलिबागच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि दोघी मिळून अलिबागला एखादी खोली घ्यावी म्हणून वर्षभर चौकशी करत होत्या. सुचिताला वाटलं, हिला तरी भावेल.

"निवांत," शकूने अक्षरं लावली. "कसलं गो ह्ये, बाय?"

"तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

"मना नाय कलत. तूच सांग."

विपुलने सांगू नकोस म्हटलं होतं, तरी सुचिताने सांगितलं. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी कर्ज.

शकू मोठ्याने हसली, इतकी की शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. "हप्ता चालू हाय तवर निवांत कोन असतं गो? तू असशील? मी तर कालजीनं झोपायची नाय. आनि कालजी करूनच तर फेडायचं असतं."

"मग 'किनारा' कसं वाटेल?"

"किनारा?" शकूने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तो तर दर पावसाल्याला आमच्या घरात येतो."

"घरकुल?"

"ते सरकारचं. त्याचं पैसं परत द्याचं नसतात." एवढं बोलून तिने सुचिताकडे रोखून पाहिलं. "ह्ये तं द्याचंत ना?"

"हो, हे द्यायचेत."

"मंग तसं बोल ना. लपवतस कशाला?" शकूचा आवाज आता खाली आला होता. ती टोपली सरकवून जवळ आली. "मना येक सांग. मी कुनाला इचारलं नाय, लाज वाटते. कर्ज फिटस्तवर घर कुनाचं? बँकेचंच ना?"

"नाही हो मावशी. खरेदीखताची नोंदणी झाली की घर तुमच्या नावे. पहिल्या दिवसापासून. मूळ कागद आमच्याकडे तारण म्हणून राहतात, आणि हप्ते बुडाले, नोटिसा देऊनही भरले नाहीत, तर बँक कायद्याने ते घर विकू शकते. पण मालक तुम्हीच. पूर्ण फिटलं की कागद तुमच्या हातात परत."

"माज्या नावं? पयल्या दिसापासना?"

"हो."

"इतकी वर्सं मना वाटत व्हतं, वीस वर्सं बँकेच्याच घरात भाडं भरल्यागत ऱ्हायाचं." तिने टोपली डोक्यावर घेतली. "प्राप्तीला बी तसंच वाटतं. सांगते तिला."

ती गेली. सुचिताने वहीत 'नाव चालत नाही' असं लिहिलं आणि बाकीचं लिहायचं राहूनच गेलं.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी श्रीवर्धनची शाखा. आगरदांड्याहून दिघीला जायची जंगल जेट्टी, म्हणजे गाड्याही वाहणारी फेरीबोट, धरून ती वरच्या कठड्याशी उभी राहिली. राजपुरीची खाडी त्या सकाळी काचेसारखी होती. बोट चालली आहे की दोन्ही काठच सावकाश सरकताहेत, कळत नव्हतं. पर्समध्ये कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता, कारण आता तिच्याकडे नावच नव्हतं. तिला पुन्हा ते दुपारचं रिकामं घर आठवलं. गार फरशी, उघडी दारं. आपण त्यात इतक्या निर्धास्त का होतो, असं ती स्वतःलाच विचारत होती. घर शांत होतं म्हणून? शांत तर बरीच घरं होती. रोह्याचं घर नदीकाठी होतं, तिथे कधी आवाज नसायचा, तरी आई दर महिन्याच्या अखेरीला दारावर थाप पडली की दचकायची. त्या स्वप्नातल्या घरात तिला कुणी ऊठ म्हणत नव्हतं, कारण ऊठ म्हणणारं कुणी दुसरं नव्हतंच. खाडीवरून एक बगळा पाण्याला पोट टेकवत गेला. तिच्या मनात काहीतरी हललं आणि पुन्हा बुडालं. दिघीचा धक्का आला.

श्रीवर्धनच्या शाखेत व्यवस्थापकांनी ज्यांना बसवून ठेवलं होतं त्यांत एक येसाजी होते. छपन्नाचे असतील. सुपारीच्या वाडीत आयुष्य गेलेले, झाडावर चढून चढून पायांचे घोटे काळे पडलेले. मुलगा साहिल दिघी बंदरात क्लार्क होता. बाप-लेक मिळून गावठाणात जागा घेऊन दोन खोल्या बांधायच्या विचारात होते. आठ महिन्यांपूर्वी चौकशी करून गेले ते आज बोलावलं म्हणून आले होते.

सुचिताने या वेळी कार्ड दाखवलं नाही. "काका, तुमचं आता घर आहे का?" तिने नुसतंच विचारलं.

"हाय की," येसाजी म्हणाले. "पन माझ्या नावं न्हाय."

"म्हणजे भाड्याचं?"

"न्हाय न्हाय. वडलांचं. आमी पाच भाव. उताऱ्याला पाचांची नावं, चुलत्यांची येगळी. ऱ्हातो मी तिथंच, जल्मापासनं. पन खिडकी पाडायची म्हनली तरी पाच जनांना इचारायचं. ते माझं घर हाय असं मी म्हनू शकतो व्हय?" ते पुढे वाकले. "साहिलची आई म्हनते, मोठं नको, चांगलं नको, पन आपल्या नावं पायजे. मरताना मानूस काय बघतं? कुनाच्या घरात मरतोय ते बघतं."

सुचिताने पेन खाली ठेवलं. शकूचा हलका झालेला आवाज तिच्या कानात आला. माज्या नावं? खाडीत बुडालेलं काहीतरी आता सावकाश वर आलं. धीर हवाय तो काळजी नसण्याचा नाही. काळजी असणारच, आणि ती असलेली बरी. हवाय तो एका उताऱ्यावर एका ओळीत आपलं नाव असण्याचा.

तिने कोऱ्या कार्डावर लिहिलं आणि येसाजींना वाचून दाखवलं. "नावाचं घर."

येसाजींच्या आधी व्यवस्थापकच हसले. "मॅडम, नावाचं घर म्हणजे नावापुरतंच! नावाचा नवरा म्हणतात तसं."

सुचितालाही हसू आलं. तिने ते खोडलं. दुसरं लिहिलं. "आपल्या नावे घर."

येसाजींनी मान वाकडी केली. "आपल्या म्हंजे? बँक धरून?"

तो प्रश्न त्यांनी साधेपणाने विचारला होता, पण सुचिताला त्यातली अडचण लगेच दिसली. 'आपल्या' हा शब्द आदराचाही होता आणि वाटणीचाही, आणि जो माणूस पाच जणांच्या वाटणीत जगला त्याला त्यात आधी वाटणीच ऐकू येणार होती.

तिने तिसरं कार्ड घेतलं. माझ्या नावे घर. त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: पहिल्या घरासाठी गृहकर्ज. तिने ते वाचून दाखवलं नाही. येसाजींच्या हातात दिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं, ओठ हलवत. 'माझ्या' म्हणताना त्यांचा हात नकळत छातीकडे गेला.

"हे काय असेल, काका?"

"कर्ज. खाली लिवलंय की. घर घ्यायचं, ते माझ्या नावं व्हनार."

"कुणासाठी असेल?"

"ज्याचं पयलं घर हाय त्याच्यासाठी." कार्ड परत देता देता ते थांबले. "पन मग मी बसतो का यात, मॅडम? उताऱ्याला माझं नाव हाय ना, पाचांत. तुमी म्हनाल, याचं एक घर हायेच, मग हे पयलं कसलं?"

टिपणात तिनेच लिहिलं होतं: अर्जदाराच्या नावे कोणतंही घर नसावं. लिहिताना तिला ते वाक्य स्वच्छ वाटलं होतं. आता तिला दिसलं की साऱ्या किनाऱ्यावर येसाजींसारखे किती जण त्या वाक्याबाहेर राहिले असतील. म्हणूनच तर ते विचारून गेले आणि परत आले नाहीत.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "खरंच सांगते."

परत येताना फेरीबोटीत तिला बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. पुढच्या आठवड्यात दोन्ही नावांची कार्डं घेऊन ती आणखी तीन शाखांत फिरली, आणि नवं कार्ड दाखवायला थळलाही परत जाऊन आली.

सभेच्या दिवशी मंडळाच्या खोलीत चहाचे पेले आणि काजूच्या बशा मांडल्या होत्या. अध्यक्षांना 'स्वप्नसागर' हे नाव आवडलं होतं. ते नाव त्यांच्या सुनेने सुचवलं होतं, असं नंतर कळलं.

"माझ्या नावे?" अध्यक्ष म्हणाले. "फलकावर बँकेचं नाव वर आणि खाली 'माझ्या नावे घर'. लोकांना वाटेल, घर बँकेच्या नावे!"

हर्षद सरांनी सुचिताकडे बघितलं. ती उभी राहिली.

"म्हणून ते ग्राहकाच्या तोंडी यावं अशी मांडणी करायची, सर. फलकावर चित्र माणसाचं, आणि वाक्य त्याच्या तोंडचं. मी पाच शाखांत त्रेचाळीस जणांना विचारलं. 'निवांत' माझंच नाव होतं, मला फार आवडलं होतं. ज्यांना ते दाखवलं त्यांतल्या एकालाही ते कर्ज वाटलं नाही. 'माझ्या नावे घर' बघून अडतीस जणांनी कर्ज म्हणून ओळखलं."

"खाली गृहकर्ज लिहिलंय म्हणून ओळखलं," एक संचालक म्हणाले. "तो शब्दच काढा. कर्ज म्हटलं की लोक बिचकतात."

"बिचकू देत," सुचिता म्हणाली, आणि आपण हे मंडळापुढे म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. "थळच्या एका मावशींना 'घरकुल' म्हटल्यावर वाटलं, पैसे परत द्यायचे नसतात. तो शब्द काढला तर लोक आत येतील, पण काय घेऊन जातायत ते त्यांना कळणार नाही. कर्ज आहे हे आधी सांगितलं, तरच पुढचं खरं वाटतं."

विपुलने घसा साफ केला. "माझी टिप्पणीही तीच आहे. नाव जे सांगतंय ते खरं आहे. मालकी ग्राहकाचीच असते, आपला फक्त बोजा, म्हणजे तारणाचा हक्क, असतो. तो बोजा आहे हेही पहिल्या पानावर साध्या शब्दांत यावं. नावाच्या नोंदणीत अडचण दिसत नाही." मग त्याने तिच्याकडे न बघता पुढे म्हटलं, "आणि पात्रतेच्या व्याख्येत एक दुरुस्ती सुचवलीय कर्ज विभागाने. वडिलोपार्जित घरातला हिस्सा धरू नये. स्वतः विकत घेतलेलं किंवा बांधलेलं घर नसावं, एवढंच पाहावं."

दुरुस्तीवर अर्धा तास गेला. नावावर त्याहून जास्त. अध्यक्षांनी दोनदा 'स्वप्नसागर' परत आणलं. शेवटी त्यांनीच थकून विचारलं, "हे फोनवर कसं म्हणतील? ग्राहक विचारताना?"

"माझ्या नावे घरवालं कर्ज," हर्षद सर म्हणाले.

अध्यक्षांनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. "माझ्या नावे घरवालं... बरं. लिहा." आणि काजू उचलला.

सुचिता बाहेर आली तेव्हा चारच वाजले होते. तिने बसस्थानकाकडचा रस्ता सोडून समुद्राकडचा धरला. वाळूवर घोडे उभे होते, कुलाबा किल्ल्याकडे जायची वाट भरतीखाली गेली होती. तिला आनंद झाला होता, पण तो उड्या मारणारा नव्हता. एखाद्या खोलीत उन्हाचा तुकडा हळूहळू सरकत यावा तसा तो येत होता.

कर्ज मकरसंक्रांतीला सुरू झालं. फलक अध्यक्षांच्या मर्जीप्रमाणे जरा जास्तच निळा झाला. शकू आणि प्राप्ती पहिल्याच आठवड्यात आल्या. दोघींच्या नावे अर्ज केला आणि उत्पन्नावरून किती बसेल याचं पत्र घेऊन गेल्या. त्यांना आवडलेली इमारत मात्र बँकेच्या वकिलाने नाकारली. जागा बिनशेती झालेली नव्हती आणि प्रकल्पाची नोंदणीही नव्हती. शकू सुचितावर चिडली, दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाली, "बाय, माज्या नावं व्हनार तं चांगलंच होऊ दे. दुसरं बगतंव." अजून बघताहेत.

येसाजींचं काम मात्र पुढे सरकलं. जागेचं खरेदीखत झालं, बाप-लेक दोघांच्या नावे. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं. जोत्यापर्यंत काम आलं की पाहणी, मग पुढचा टप्पा. नियमाप्रमाणे एकच अधिकारी शेवटपर्यंत म्हणून सुचिताने श्रीवर्धनच्या पाहण्या स्वतःकडे मागून घेतल्या होत्या. एप्रिलात बँकेच्या अभियंत्याबरोबर ती गेली. अभियंत्याने फीत लावली, फोटो काढले, टिपण केलं आणि तो सावलीला पाणी प्यायला गेला.

सुपारीच्या वाडीच्या कडेला जोतं उभं होतं. गुडघाभर उंचीचं, त्यावर विटांचे दोन थर, खोल्यांच्या रेषा दाखवण्यापुरते. वर काहीच नव्हतं. उंच सरळ सुपाऱ्या आणि त्यांच्या शेंड्यांतून झिरपणारं ऊन.

"या ना," येसाजी म्हणाले.

सुचिताने चपला काढल्या. का काढल्या, ते तिला सांगता आलं नसतं. येसाजींनी जिथे दार येणार होतं तिथूनच तिला आत नेलं. विटांच्या रेषा सहज ओलांडता आल्या असत्या, पण ते ओलांडत नव्हते. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, नेमके दारांच्या फटींतूनच ते फिरत होते.

"हितं ओटा. हितं साहिलची आई उभी ऱ्हानार." मग ते पूर्वेच्या रेषेपाशी थांबले. "आनि हितं खिडकी. कुनाला इचारलं न्हाय."

सुचिता त्या नसलेल्या खिडकीशी उभी राहिली. या वेळी तिला बाहेर काही लावावं लागलं नाही. वाडीतून पन्हळाचं पाणी वाहत होतं, सुपारीची एक झावळ सुटून सावकाश खाली येत होती, आणि पलीकडून समुद्राचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येत होता.

"बसा जरा," येसाजी म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या जागी मातीवर गोणपाट अंथरलं. "चा सांगतो."

ती बसली.